शंकूत बसणारी सर्वांत मोठी वृत्तचिती: दोन तृतीयांश कुठून आले?

शंकूच्या आत, त्याच्याच तळावर उभी, सर्वाधिक घनफळाची वृत्तचिती कोणती? उत्तर पाठ असणारे पुष्कळ भेटतात: वृत्तचितीची त्रिज्या शंकूच्या त्रिज्येच्या दोन तृतीयांश आणि उंची एक तृतीयांश. कलनशास्त्राच्या पुस्तकात हे उदाहरण विकलजाच्या प्रकरणात येते, त्यामुळे ते न्यूटन-लायब्निझ यांच्या काळातले वाटते. त्यातला अवघड भाग मात्र त्यांच्या कितीतरी आधी सुटलेला होता.

शंकूची त्रिज्या R, उंची H. वृत्तचितीची त्रिज्या r, उंची h. घनफळ πr²h. यात r आणि h असे दोन चल आहेत. h स्थिर धरून r वाढवत गेलो, तर घनफळ वाढतच जाते आणि प्रश्नाला अर्थ उरत नाही. शंकूची भिंत या दोघांना बांधून ठेवते, आणि ते बंधन अक्षातून घेतलेल्या उभ्या छेदात दिसते. वृत्तचितीच्या वर शंकूचा जो लहान तुकडा उरतो, त्याची उंची H − h आणि त्रिज्या r. हा छोटा त्रिकोण मोठ्या त्रिकोणाशी समरूप आहे, म्हणून (H − h)/r = H/R. यातून h = H(1 − r/R), आणि एक चल गेला.

चूक नेमकी इथेच होते. घाईत h/r = H/R लिहिले जाते, म्हणजे वरच्या तुकड्याच्या उंचीऐवजी वृत्तचितीचीच उंची घेतली जाते. ती ओळखायला r = R ठेवून पाहावे. बरोबर समीकरणात h शून्य येते, वृत्तचिती तळावर चपटी होते. चुकीच्या समीकरणात h = H येते, आणि असली वृत्तचिती शंकूत मावतच नाही.

आता आकडे घेऊ. R = ६ सेमी, H = ९ सेमी असल्यास h = ९ − १.५r. त्रिज्या ३ सेमी घेतली तर घनफळ ४०.५π घन सेमी, ५ सेमीला ३७.५π, आणि ४ सेमीला ४८π. शंकूचे घनफळ १०८π. म्हणजे ही वृत्तचिती त्याचा ४/९ भाग व्यापते. शंकू उंच असो की बसका, हा भाग बदलत नाही. कारण h ची किंमत घातल्यावर घनफळ (πH/R) · r²(R − r) असे होते. H बाहेर पडतो आणि महत्तम शोधायचे उरते ते फक्त r²(R − r) चे.

हीच राशी आर्किमिडीजपुढे दुसऱ्याच वाटेने आली होती. गोल एका प्रतलाने असा कापायचा की दोन तुकड्यांच्या घनफळांचे गुणोत्तर ठरलेले असेल. ρ त्रिज्येच्या गोलाच्या x उंचीच्या तुकड्याचे घनफळ (π/3) · x²(3ρ − x). म्हणजे तोच साचा, फक्त R च्या जागी 3ρ. दिलेल्या a लांबीच्या रेषेसाठी x²(a − x) किती मोठे होऊ शकते, हे ठरवल्याशिवाय उत्तर आहे की नाही हेच सांगता येत नाही. आर्किमिडीजने सिद्धता देण्याचे म्हटले होते, पण ती पुढच्या पिढ्यांना सापडत नव्हती. सहाव्या शतकात आर्किमिडीजच्या ग्रंथांवर भाष्य लिहिणाऱ्या युटोशियसला एका जुन्या पुस्तकात ती मिळाली, असे तो आपल्या भाष्यात नोंदवतो. तीत अन्वस्त आणि अपास्त यांचे छेदनबिंदू घेतले आहेत; x = 2a/3 ला हे वक्र एकमेकांना फक्त स्पर्श करतात. मला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो: महत्तम म्हणजे दोन छेदनबिंदू एकत्र येण्याची जागा.

बाराव्या शतकात शरफ अल-दिन अल-तूसीने घन समीकरणांवर काम करताना हीच सीमा अंकांत मांडली. x²(a − x) = c मध्ये c ची किंमत 4a³/27 पेक्षा जास्त असेल तर धन उत्तर नाही, तेवढीच असेल तर एक, कमी असेल तर दोन. ही महत्तम किंमत त्याला कोणत्या विचाराने मिळाली, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

केप्लरने १६१५मध्ये पिंपांच्या घनफळांवर लिहिताना पाहिले की महत्तमाच्या आसपास बदल जवळजवळ जाणवत नाही. आपल्या उदाहरणात त्रिज्या ३.९ किंवा ४.१ केली तरी घनफळ ४७.९१π च्या आसपासच राहते.

फर्माने हीच गोष्ट पद्धतीत बसवली. रेषेचे असे दोन भाग करा की एकाचा वर्ग गुणिले दुसरा हे सर्वाधिक होईल, हे उदाहरण त्याने स्वतः सोडवले. आजच्या अक्षरांत: r²(R − r) मध्ये r च्या जागी r + e ठेवा, जुनी आणि नवी राशी जवळजवळ समान माना, समान पदे काढा आणि e ने भागा. मग e असलेली पदे सोडली की 2rR − 3r² = 0 उरते. याची दोन उत्तरे, r = 0 आणि r = 2R/3. त्यांतले महत्तम कोणते, हे समीकरण सांगत नाही. पण r = 0 आणि r = R या दोन्ही टोकांना घनफळ शून्य आहे आणि मध्ये ते धन आहे; म्हणून महत्तम मध्येच कुठेतरी असणार, आणि मधले उत्तर एकच आहे.