मुखड्याची वेळ : बंदिशीतील स्थायी, अंतरा आणि गायकाची मोकळीक

गेल्या हिवाळ्यात जळगावला एका ख्याल गायनाच्या मैफलीला आमच्या धरणगावाकडच्या भजनी मंडळातले आप्पा माझ्याबरोबर आले होते. आप्पा चाळीस वर्षे मृदंग वाजवत आहेत आणि लयीला अतिशय पक्के आहेत. परतीच्या वाटेवर त्यांनी विचारले की, गवई एवढा नावाजलेला असूनही अर्धा तास एकच ओळ का म्हणत होता, त्याला पुढची कडवी येत नव्हती काय? प्रश्न अगदी रास्त होता. अभंगाचे धृपद आणि कडवी ज्यांच्या कानात बसलेली आहेत, त्यांना स्थायी म्हणजे धृपद आणि अंतरा म्हणजे कडवे असेच वाटते. चित्रपटगीत ऐकणाऱ्यांना तो मुखडा-अंतऱ्याचा प्रकार वाटतो. बाहेरून पाहता साम्य आहेही, परंतु या दोन्हींत मजकूर संपवणे हे काम असते आणि ख्यालाच्या बंदिशीचे काम वेगळे आहे. ते काम नेमके कोणते, हे मला येथे एका लहान उदाहरणावरून दाखवायचे आहे.

बंदिश म्हणजे ठरावीक शब्द, ठरावीक स्वर आणि ठरावीक ताल यांची बांधलेली रचना. तिचे ख्यालात दोन भाग असतात, पहिला स्थायी आणि दुसरा अंतरा. (ध्रुपदात यांशिवाय संचारी आणि आभोग असे आणखी दोन भाग येतात.) स्थायीच्या पहिल्या ओळीचा जो तुकडा समेपर्यंत नेऊन पोहोचवतो, त्याला मुखडा म्हणतात. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. आप्पांना जी ओळ पुन्हापुन्हा ऐकू येत होती ती बहुतांशी हा मुखडाच होती.

आता उदाहरण घेऊ. राग भूप, म्हणजे सा, रे, ग, प आणि ध हे पाचच स्वर. ताल त्रिताल, सोळा मात्रांचा. खालील ओळ केवळ समजावण्यासाठी मीच जुळवलेली आहे: ‘साँझ भई अब आवो श्याम घर’. ही ओळ पहिल्या मात्रेवर सुरू होत नाही. ती नवव्या मात्रेवर, म्हणजे हाताने ताल धरताना टाळी न देता जी जागा मोकळी सोडतात त्या ‘खाली’वर, उचलायची. ‘साँझ भई अब’ एवढे शब्द नऊ ते सोळा या आठ मात्रांत बसतात आणि ‘आवो’मधला ‘आ’ नेमका समेवर पडतो. स्वर असे आहेत: नवव्या मात्रेला तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, दहावी त्याच स्वरावर लांबवलेली, मग ध, प, ग, रे, सा, रे आणि समेवर ग. उरलेले शब्द दोन ते आठ मात्रांत रे, ग, प, ध, प असे वर चढतात आणि पुन्हा नवव्या मात्रेवरच्या तार षड्जाला जाऊन मिळतात. ओळ अशी गोल बंद होते.

ही ओळ जशीच्या तशी दोनदा म्हटली की तबलजीला आणि श्रोत्यांना एक करार कळतो: नवव्या मात्रेला ‘साँझ’ येईल आणि समेला ‘आ’ येईल. बाकीच्या मात्रांवर काय घडेल ते गायकाच्या हाती आहे. मध्य लयीत मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर एक आवर्तन, म्हणजे सोळा मात्रांचा एक फेरा, आठ सेकंदांचे होते. त्यातली चार सेकंदे मुखड्याची आणि चार सेकंदे मोकळी. गायकाला एवढी जागा अपुरी वाटली तर तो ‘साँझ’ गाळून पुढचे अख्खे आवर्तन घेऊ शकतो, परंतु मग त्याला त्याच्या पुढच्या नवव्या मात्रेपर्यंत थांबावे लागते. याचा अर्थ असा की समेपासून सुरू होणाऱ्या तानेची लांबी आठ मात्रा, चोवीस मात्रा किंवा चाळीस मात्रा अशीच असू शकते. मधल्या लांबीची तान कितीही सुरेल असली, तरी ती या बंदिशीत मुखड्याला मिळत नाही.

आठ मात्रांची दुगुन तान, म्हणजे मात्रेला दोन स्वर, असे सोळा स्वर झाले: गरे सारे गप धप, गरे सारे गग पध. पहिला ग हा समेवरचाच ग आहे, म्हणून तान ‘आ’मधूनच निघाल्यासारखी वाटते. शेवटचे दोन स्वर प आणि ध आहेत, आणि त्यानंतर मुखड्याचा तार षड्ज येतो. कानाला तान संपल्याचे कळत नाही. ती चढत चढत ‘साँझ’ या शब्दात शिरते. याच तानेचा शेवट मंद्रातल्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, ध वर केला असता, तर मात्रांचे गणित अचूक राहूनही तेथून एकदम तार षड्जावर उडी घ्यावी लागली असती आणि सांधा उघडा पडला असता. म्हणजे मुखडा गायकाला दोन गोष्टी सांगतो: कधी पोहोचायचे आणि कोणत्या स्वराच्या दारात पोहोचायचे. माझ्या मते ख्यालातल्या उपजेचा, म्हणजे गायकाला गाता गाता सुचणाऱ्या विस्ताराचा, निम्मा विचार या दोन प्रश्नांतच असतो.

आता एकच बदल करून पाहावा. समजा दुसऱ्या एखाद्या बंदिशीचा मुखडा सातव्या मात्रेवर उचलतो. मोकळी जागा सहा मात्रांवर आली. वरची तान दोन मात्रांनी, म्हणजे चार स्वरांनी, लांब पडते. ती कापली पाहिजे, किंवा एक आवर्तन वाढवून बावीस मात्रांची, चव्वेचाळीस स्वरांची केली पाहिजे. परीक्षेसाठी आठ-आठ मात्रांच्या ताना वहीत लिहून पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांची अडचण नेमकी येथेच होते. अमळनेरला एका मुलीची तयारी घेताना मी हे पाहिले. तिच्या ताना स्वच्छ होत्या, पण बंदीश बदलताच प्रत्येक तानेनंतर तिचा मुखडा घाईत येऊ लागला. ‘साँझ’च्या जागी असलेला तिच्या ओळीचा पहिला शब्द दरवेळी अर्धा गिळला जात होता. चूक ओळखण्याची खूण हीच आहे. सम चुकत नाही, कारण सम चुकली तर सर्वांना कळते. मुखड्याची सुरुवात आखडते. जाणकार गायकही कधीकधी मुद्दाम मुखड्याचा शेवटचा अर्धाच भाग घेऊन समेवर येतात. पण तेथे उरलेले शब्द पूर्ण वजनाने येतात आणि घाई कुठेही दिसत नाही. त्या मुलीला मी ताना बाजूला ठेवायला लावल्या आणि आठवडाभर केवळ हाताने ताल धरून, ‘आ’कारात दोन-दोन स्वर घेत मुखडा पकडायला सांगितला. त्यानंतर ताना आपोआप लहान झाल्या.

गायक हे सारे मोजत बसतो काय? नाही, तबला त्याच्यासाठी मोजतो. त्रितालाच्या ठेक्यात (धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा) दहा ते तेरा या मात्रांवर डग्ग्याची गुंजन नाहीशी होते आणि चौदाव्या मात्रेला ती परत येते. आवाज पोकळ झाला की आपण खाली ओलांडली आहे आणि भरला की सम तीन मात्रांवर आहे, हे कानाला न मोजता समजते. आप्पांना हे सांगताच त्यांनी मांडीवर ठेका धरून मान डोलावली, कारण मृदंगावरही डाव्या पुडीचा भरीव नाद ते असाच वापरतात. बारा मात्रांच्या विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, एकतालात हीच युक्ती फसवी ठरते. त्या ठेक्यात ‘धागे तिरकिट’ हे बोल तिसऱ्या-चौथ्या मात्रांवर येतात आणि पुन्हा नवव्या-दहाव्या मात्रांवर येतात. पहिल्या जोडीनंतर ‘तू ना’ आणि दुसऱ्या जोडीनंतर ‘धी ना’ येते. मिनिटाला बारा मात्रांच्या लयीत एक आवर्तन मिनिटभर चालते. अशा संथ वेळी नवशिक्याने चौथ्या मात्रेचे तिरकिट दहावे समजले, तर त्याचा मुखडा बरोबर अर्धे आवर्तन आधी येतो आणि तो सातव्या मात्रेला सम समजून थांबतो.

बंदीश वेळेबरोबर रागाचीही राखण करते. भूपाचे पाच स्वर आणि देशकाराचे पाच स्वर एकच आहेत. भूपात ग प्रमुख आहे आणि राग मध्य सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात वावरतो. देशकारात ध प्रमुख आहे आणि तो वरच्या अर्ध्यात राहतो. आलाप करता करता गायक ध-प मध्ये जास्त रमला तर भूपाचा रंग देशकाराकडे झुकू लागतो. आपल्या ओळीत सम ग वर ठेवली आहे, म्हणून दर आवर्तनाला तबल्याचे सर्वांत मोठे वजन त्याच स्वरावर पडते आणि राग जागेवर येतो. सम ध वर बांधली असती, तर त्याच शब्दांनी आणि त्याच स्वरांनी गायकाला देशकाराकडे ढकलले असते.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. उपज म्हणजे साक्षात्कार, ती वरून उतरते, असे आदराने म्हटले जाते, आणि अमुक स्वराने शरीराचा अमुक अवयव बरा होतो असे संदेश मोबाइलवर फिरत असतात. स्वरांना असा औषधी कोष्टकाचा आधार नाही. आणि साक्षात्कार म्हटल्याने त्या अमळनेरच्या मुलीसारख्या विद्यार्थ्याला नेमके काय घोटायचे हे कळायचे राहून जाते.

आता अंतरा. अंतऱ्याची पहिली ओळ बहुधा मध्य सप्तकातल्या ग किंवा प पासून निघून तार षड्जाकडे जाते. आपल्या भूपात ती नवव्या मात्रेला ग, मग प, तार षड्ज, ध अशी चढेल आणि समेला तार षड्जावर विसावेल. स्थायीच्या मुखड्यातही तार षड्ज आहे, परंतु तेथे त्याला केवळ स्पर्श करून उतरायचे असते, तर येथे समेचे वजन त्याच्यावर आहे. या फरकामुळे विस्ताराला क्रम मिळतो. गायक आधी षड्जाभोवती, मग ग भोवती, मग प आणि ध भोवती अशी हळूहळू जागा वाढवत नेतो, दरवेळी मुखड्याला परततो, आणि तार षड्जावर स्थिर झाल्यावरच अंतरा उचलतो. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीने त्याला पुन्हा मुखड्याच्या दारात आणून सोडायचे असते. आपला मुखडा तार षड्जापासून निघत असल्याने हे सोपे आहे. मुखडा मंद्रातून निघत असता, तर अंतऱ्याच्या त्या एका ओळीला पूर्ण सप्तक उतरावे लागले असते, आणि जुन्या बंदिशींत रचनाकाराचे कसब अनेकदा याच ओळीत दिसते.

अर्थात सर्व घराणी हा आराखडा सारखा वापरत नाहीत. ग्वाल्हेरची रीत अशी की आधी स्थायी आणि अंतरा पूर्ण भरून गायचे आणि मग विस्ताराला हात घालायचा. श्रोत्याला नकाशा आधीच हाती मिळतो. उलट उस्ताद अमीर खाँ विलंबित ख्यालात अनेकदा अंतरा गातच नसत. त्यांच्या अतिविलंबित लयीत स्थायीची एक ओळच सारा विस्तार पेलत असे. पंडित विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी घराण्यांकडून गोळा करून छापलेल्या बंदिशींत समेच्या मात्रेखाली फुली आणि खालीच्या मात्रेखाली शून्य दिलेले असते. आप्पांना मी त्यातले भूपाचे एक पान दाखवले. त्यांनी शब्द वाचलेच नाहीत. बोटाने फुली शोधली, मग मागे मागे सरकत ओळ जेथे उचलते ती मात्रा शोधली, आणि मांडीवर ठेका सुरू केला.