हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर रेंगाळणारी जांघदुखी

जांघेतील हर्नियाच्या (अंतर्गळ) शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटूनही जांघेत किंवा वृषणात टिकून राहणाऱ्या वेदनेला जीर्ण जांघदुखी म्हणतात. दैनंदिन कामात अडथळा आणण्याइतकी वेदना साधारण दहा टक्के रुग्णांत राहते, असे 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत नमूद आहे. चालणे-बसणे मुश्कील करणारी वेदना त्याहून बऱ्याच कमी जणांना होते. जखमेभोवतीचा बधिरपणा मात्र सर्रास आढळतो आणि तो सहसा निरुपद्रवी असतो. बाहेरून टाके छान भरलेले, सोनोग्राफी स्वच्छ, आणि दुखणे मात्र खरे. अशा रुग्णाला ‘मनाचे खेळ आहेत’ असे ऐकवले जाते, ते चुकीचे आहे.

या भागातून तीन चेता जातात. पहिली वृषणरज्जूला, म्हणजे वृषणाच्या रक्तवाहिन्या व वीर्यवाहिनी नेणाऱ्या दोरीला, लागून खाली उतरते आणि मांडीचा आतला वरचा भाग, शिश्नाचे मूळ व अंडकोषाची पुढची बाजू यांना संवेदना देते. दुसरी तिच्या किंचित वर, पोटाच्या स्नायूत शिरलेली असते. हर्नियाची कमकुवत जागा झाकायला बसवलेल्या कृत्रिम जाळीची वरची कड शिवताना तिच्यावर टाका बसण्याची शक्यता असते. तिसरीची जननशाखा रज्जूतूनच अंडकोषाकडे जाते. तिन्हींचे प्रदेश एकमेकांत मिसळतात, त्यामुळे रुग्णाने बोट ठेवले एवढ्यावर दोषी चेता ठरवता येत नाही.

चेतेला इजा होण्याच्या वाटा वेगवेगळ्या. ती टाक्यात अडकते, अर्धवट कापली जाऊन टोकाला गाठ धरते, किंवा भरून येणाऱ्या तंतुमय ऊतीत हळूहळू आवळली जाते. जाळी दुमडून तिचा घट्ट गोळा झाला तर तोही चेतेवर व रज्जूवर दाब देतो. वेदना कधी सुरू झाली हे इथे महत्त्वाचे ठरते. भूल उतरताच मांडीत विजेसारखी तीव्र कळ आली, तर टाक्यात अडकलेल्या चेतेचा संशय येतो. सुरुवातीचे दिवस बरे गेले आणि दोन-तीन महिन्यांनी जळजळ वाढत गेली, तर वणाच्या ऊतीकडे बोट जाते. जाळीच नको म्हणून प्रश्न सुटत नाही. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी स्वतःच्या ऊतीची पट्टी वापरणारी बिनजाळीची पद्धत 2001 साली मांडली. पण चेता तिथेही त्याच जागी असतात.

समजा, बेचाळीस वर्षांच्या रिक्षाचालकाची उजवीकडे जाळी बसवून पाच महिने झाले आहेत. रिक्षातून पाय बाहेर टाकताना आतल्या मांडीत जळते, चड्डीचे कापड घासले तरी झोंबते. पाय दुमडून पडले की आराम पडतो. शिवाय वृषणात खोल, बोथट दुखते. डॉक्टर कापसाच्या बोळ्याने त्वचा तपासून बधिर आणि अतिसंवेदनशील भाग पेनाने आखतात. वणाच्या एका ठिकाणी बोटाने ठोकले की कळ मांडीत धावते, हे चेतेचेच लक्षण. खोकताना फुगवटा येत नाही, म्हणजे हर्निया परतलेला नाही. सोनोग्राफीत वृषणाचा रक्तपुरवठा ठीक आहे. मग सोनोग्राफीखाली कमरेच्या पुढच्या हाडाजवळ पहिल्या दोन चेतांभोवती बधिरतेचे औषध सोडले जाते. काही तास मांडीची जळजळ जवळजवळ थांबते, वृषणातले दुखणे मात्र तसेच राहते. याचा अर्थ दुखण्याची मुळे दोन आहेत. मांडीचे या दोन चेतांपैकी एकीचे. वृषणाचे जननशाखेचे किंवा वीर्यवाहिनीला वेढलेल्या बारीक चेतातंतूंचे. वीर्यपतनाच्या वेळी कळ येते का, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा. लाजेपायी रुग्ण तो आपणहून बोलत नाही.

वृषणदुखीला चेतेबाहेरचीही कारणे असतात. शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन दिवसांत वृषण सुजून टणक झाले असेल, तर रज्जूतल्या रक्तवाहिन्यांना इजा झालेली असू शकते आणि पुढे ते आक्रसू शकते. अचानक उठलेली तीव्र वृषणदुखी, किंवा आत न जाणारा दुखरा फुगवटा व उलट्या, यांसाठी मात्र वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचार सौम्य टप्प्यांनी चढत जातात: साधी वेदनाशामके, मग प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन (यांनी गुंगी येते, त्यामुळे रिक्षा चालवणाऱ्याला सांभाळून द्यावी लागतात), आणि परत परत दिलेली चेता-इंजेक्शने. अनेकांचे दुखणे पहिल्या वर्षात आपोआप ओसरते, म्हणून पुन्हा शस्त्रक्रियेची घाई केली जात नाही. इंजेक्शनने दर वेळी स्पष्ट उतार पडतो, पण वेदना टिकून राहते, तेव्हा तिन्ही चेता कापण्याचा पर्याय येतो. वणातली ऊती इतकी चिकटलेली असते की एकच चेता ओळखून सोडवणे अवघड जाते, म्हणून तिन्ही कापतात. बदल्यात त्या भागात कायमचा बधिरपणा येतो. आणि रिक्षाचालकासारख्या रुग्णाला आधीच सांगावे लागते की एवढ्याने मांडीची जळजळ जाईल, वृषणाचे दुखणे राहू शकते. त्यासाठी वीर्यवाहिनीभोवतीचे तंतूही वेगळे करून कापावे लागतात, आणि तेही अनुभवी हातांनीच.