उशिरा दिलेला १५एच आणि कापला गेलेला कर

‘१५एच वर्षात कधीही दिला, तरी आधी कापलेला टीडीएस बँक परत खात्यात जमा करते ना?’

नाही. कापलेली रक्कम बँकेने आपल्या पॅनवर सरकारजमा केलेली असते. १५एच म्हणजे ‘माझ्या उत्पन्नावर कर लागत नाही, तो कापू नका’ असे ज्येष्ठ नागरिकाने बँकेला दिलेले घोषणापत्र; तो पुढच्या कपातीपुरताच उपयोगी पडतो.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे उदाहरण घेऊ. एका ज्येष्ठ नागरिकाचे निवृत्तिवेतन २,२०,००० रुपये आणि एकाच बँकेतील ठेवींचे व्याज १,६०,००० रुपये, म्हणजे दर तिमाहीला ४०,००० रुपये आहे. व्याज एक लाखाच्या वर जाणार असल्याने बँकेने जून आणि सप्टेंबरमध्ये दहा टक्क्यांप्रमाणे प्रत्येकी ४,००० रुपये कापले. ऑक्टोबरमध्ये १५एच दिल्यावर कपात थांबली, पण ८,००० रुपये अडकले. एकूण ३,८०,००० रुपये उत्पन्न नव्या करप्रणालीतील चार लाखांच्या मर्यादेत असल्याने त्यांना विवरणपत्राची सक्ती नाही. तरीही परताव्यासाठी ते भरावेच लागते, आणि नेमके इथेच अनेकांचे पैसे राहून जातात.

भरण्यापूर्वी आयकर संकेतस्थळावर २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराचा तक्ता, उघडून दोन्ही कपाती दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील, तर बँकेकडून टीडीएस विवरणाची दुरुस्ती करून घ्यावी. विवरणपत्रात व्याज पूर्ण १,६०,००० रुपये दाखवावे, हातात आलेले नव्हे. परतावा पूर्वप्रमाणित बँक खात्यातच येतो, आणि विवरणपत्राची ई-पडताळणी तीस दिवसांत करावी लागते.

१५एच दर आर्थिक वर्षी नव्याने, शक्यतो एप्रिलमध्येच, प्रत्येक बँकेत वेगळा द्यावा आणि पोच जपून ठेवावी.