लिमिट ऑर्डर लावली तरी टेकरची फी का लागते?
क्रिप्टोत वारंवार खरेदी-विक्री करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, दांडिया बाजार, बडोदे

दर वर्षी रिटर्नच्या हंगामात एकच तक्रार कानावर येते: "मी तर सगळ्या लिमिट ऑर्डरच लावतो, मग एवढी फी कशी?" पाठोपाठ दुसरा प्रश्न असतो, "थोडी उलाढाल वाढवून वरचा स्लॅब गाठू का?" दोन्हींची उत्तरे एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. तुमचे खाते आमच्याकडे असेल तर कागद घेऊन येण्याआधी हे वाचावे.

मेकर आणि टेकर हे ऑर्डरचे प्रकार नाहीत, घोटाळा तिथेच होतो. तुमची ऑर्डर बाजारात पोहोचली त्या क्षणी काय झाले, त्यावर फी ठरते. खंडेराव मार्केटमध्ये भाजी मांडून बसणारा वेगळा आणि पिशवी घेऊन येऊन सांगितलेल्या भावात उचलणारा वेगळा, तसेच इथे आहे. ऑर्डर बुकात जाऊन थांबली आणि नंतर कोणीतरी ती उचलली, तर तुम्ही मेकर. आधीच मांडलेली दुसऱ्याची ऑर्डर तुम्ही आल्याआल्या उचलली, तर टेकर.

समजा बिटकॉइनचा सर्वांत स्वस्त विक्रेता 50,10,000 रुपयांवर उभा आहे. घाई आहे म्हणून तुम्ही 50,12,000 ची लिमिट खरेदी लावली. नाव लिमिटचे, पण ती क्षणात 50,10,000 ला पूर्ण होते आणि टेकरची फी लागते. तीच ऑर्डर 50,08,000 ला लावली असती तर ती बुकात थांबली असती, आणि भाव खाली येऊन भरली असती तर मेकरचा दर लागला असता. बहुतेक एक्स्चेंजच्या ऑर्डर खिडकीत `Post Only` अशी खूण असते. ती केली की ताबडतोब जुळणारी ऑर्डर स्वीकारलीच जात नाही, रद्द होते. आमच्या ग्राहकांपैकी फार थोडे ही खूण वापरतात.

आता ज्यात आमचा सर्वांत जास्त वेळ जातो ती गोष्ट. बरेच जण `Order History` ची फाइल किंवा नफ्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. एकच ऑर्डर तुकड्यांत भरते. वरच्याच उदाहरणात तुम्ही 50,10,000 ला मोठी खरेदी लावली आणि त्या भावात अर्धाच माल उपलब्ध असला, तर पहिला अर्धा भाग टेकर म्हणून भरतो आणि उरलेला बुकात थांबून मेकर होतो. ऑर्डरच्या यादीत हे सगळे एका ओळीत, सरासरी भावाने दिसते. फी कोणत्या दराने लागली, ती रुपयात कापली की नाण्यात, हे `Trade History` मध्येच कळते. नाण्यात कापली असेल तर हाती आलेले नाणे मागवल्यापेक्षा थोडे कमी असते. शंभर-दीडशे सौद्यांनंतर वहीतली शिल्लक आणि खात्यातली शिल्लक जुळत नाही, आणि तो फरक शोधण्यात आमचे दोन-दोन दिवस जातात. म्हणून आम्ही स्क्रीनशॉटवर काम सुरू करत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, पण चुकीच्या आकड्यावर सही करून नंतर नोटिशीला उत्तर देणे तुम्हालाच महाग पडते.

आता पैशांचे बघू. दर प्रत्येक एक्स्चेंजचे वेगळे असतात आणि बदलतात, म्हणून हिशेबापुरते धरू: सर्वांत खालच्या स्लॅबला मेकर 0.20 टक्के, टेकर 0.25 टक्के, आणि फीवर 18 टक्के जीएसटी.

एक लाखाची खरेदी केली, भाव एक टक्का चढला, 1,01,000 ला विकले. दोन्ही वेळा टेकर असाल तर जीएसटी धरून फी 295 आणि 298, म्हणजे 593 रुपये. हजाराच्या नफ्यातले 407 उरले. पण 2022 पासूनच्या नियमात खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. फी आम्ही खर्चात धरत नाही, कर पूर्ण हजारावर मोजतो. 30 टक्के आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे 312 रुपये. हाती राहिले 95! दोन्ही वेळा मेकर असता तर फी सुमारे 474 झाली असती आणि हाती 214 राहिले असते. फरक 119 रुपयांचा, पण उरलेली रक्कम दुपटीहून जास्त. शिवाय दुसऱ्या दिवशी तोटा झाला तर तो या नफ्यातून वजा होत नाही.

आता स्लॅब. स्लॅब साधारणपणे मागच्या 30 दिवसांच्या उलाढालीवर ठरतो, आणि ती खिडकी रोज पुढे सरकते. खरेदी आणि विक्री दोन्ही मोजली जातात. समजा पुढचा स्लॅब 50 लाखांना आहे आणि तिथे टेकर 0.20 टक्के होतो. आमच्या एका ग्राहकाची पद्धत अशी होती: महिन्यात वीस दिवस, रोज एक लाखाची खरेदी आणि विक्री. उलाढाल 40 लाख, टेकर फी जीएसटीसह 11,800. स्लॅबसाठी त्यांनी आणखी 10 लाखांची उलाढाल करायचे ठरवले. त्या जादा उलाढालीची फीच 2,950 रुपये. आणि पुढच्या महिन्यात 40 लाखांवर जास्तीत जास्त वाचणार 2,360! तेही पूर्ण नाही, कारण उलाढाल पुन्हा 40 लाखांवर आली की खिडकी सरकताच स्लॅब खाली घसरतो. वर त्या 10 लाखांतल्या 5 लाखांच्या विक्रीवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे 5,000 रुपये रिटर्न भरेपर्यंत अडकले. टीडीएस करात जमा धरला जातो. फी मात्र गेली ती गेलीच.

त्याच 40 लाखांवर सगळे सौदे मेकर म्हणून झाले असते तर फी 9,440 झाली असती. बचत तीच, 2,360, आणि एकही जादा सौदा न करता. म्हणून आम्ही आधी मेकरचा वाटा बघायला सांगतो, मग स्लॅब. आपोआप वरच्या स्लॅबमध्ये पोहोचत असाल तर उत्तमच, पण त्यासाठी सौदे वाढवू नका.

मेकर होण्यालाही किंमत आहे, ती लपवत नाही. ऑर्डर बुकात थांबते आणि भाव वर निघून जातो. किंवा नेमका भाव वेगाने कोसळत असताना ती भरते आणि तुम्ही घेतल्यावरही तो खालीच जातो. तोटा थांबवण्यासाठी बाहेर पडायचे असेल तेव्हा पाच पैशांच्या फीकडे बघू नका, टेकर व्हा.

हे सगळीकडे लागू होत नाही. बायनान्सच्या साध्या स्पॉट खात्यावर मेकर आणि टेकर दोघांचाही मूळ दर बराच काळ 0.1 टक्का राहिला आहे, तिथे या युक्तीने काही वाचत नाही. तिथे बीएनबी नाण्यातून फी दिली तर सवलत मिळते, पण दर वेळी दिलेले ते नाणे आम्हाला विक्री म्हणून नोंदवावे लागते, त्यामुळे वही लांबते. ‘लगेच खरेदी’ या बटणातही मेकर-टेकर नसते, फरक भावातच घातलेला असतो.

येताना प्रत्येक एक्स्चेंजची एप्रिल ते मार्चची `Trade History` सीएसव्हीत आणा, सोबत टीडीएसचा तपशील. आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्यांना मेकर-टेकरचे प्रमाण आणि महिन्यावार प्रत्यक्ष फी एका पानावर काढून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. फाइल जूनअखेर मिळाली तर जुलैच्या गर्दीआधी ते पान तुमच्या हातात असेल.