तर्कक्षमता सरावपत्रिका : नातेसंबंध, सांकेतिक भाषा व बैठकव्यवस्था

दिलेल्या विधानांवरून व्यक्तींमधील नाते, शब्दामागील संकेत किंवा आसनांचा क्रम शोधायला लावणारे प्रश्नसंच. शब्दांतील माहिती आकृतीत मांडणे, हे यांतील मुख्य कौशल्य.

उगम : या सरावपत्रिकांची मुळे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या बुद्धिमापनात शोधण्याचा प्रघात आहे. तो सांकेतिक भाषेपुरता अंशतः पटण्याजोगा वाटतो. पहिल्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याच्या ‘बीटा’ चाचणीत अंकांसाठी चिन्हे लिहायची असत. मात्र तिथे किल्ली छापलेली असे, सरावपत्रिकेत तीच शोधावी लागते. ‘कमल’साठी ‘खयव’ दिले, तर प्रत्येक अक्षर एक घर पुढे सरकले आहे. ‘अल्फा’ चाचणीच्या आठ भागांत नातेसंबंध किंवा बैठकव्यवस्था असा स्वतंत्र भाग नव्हता. नात्यांच्या आकृतीचा धागा मानवशास्त्रातील वंशावळीकडे जातो, हे मत अधिक ग्राह्य दिसते. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांची वंशावळ-पद्धती १९००–१० या काळात मांडली गेली. पुरुषासाठी त्रिकोण आणि स्त्रीसाठी वर्तुळ ही मानवशास्त्रातील चिन्हे. वैद्यकीय वंशावळीत पुरुषासाठी चौकोन असतो. सरावपत्रिकांत बहुधा अधिक व उणे ही चिन्हे दिसतात. अपत्याचे लिंग विधानात नसेल, तर ती जागा चिन्हाविना ठेवावी.

बैठकव्यवस्थेची आकृती : अ, ब, क, ड, इ, फ हे सहाजण गोल मेजाभोवती केंद्राकडे तोंड करून बसले आहेत. क हा अ-च्या समोर, ब हा अ-च्या लगत उजवीकडे, ड हा ब-च्या समोर. इ हा ड-शेजारी नाही.

घड्याळाच्या तबकडीवर १२, २, ४, ६, ८ आणि १० या जागी आसने कल्पावीत. अ-ला ६ वर बसवावे. केंद्राकडे तोंड असल्यामुळे त्याचा उजवा हात ४ कडे येतो, तिथे ब. समोर १२ वर क, आणि ब-समोर १० वर ड. आता २ आणि ८ उरतात. ८ ही जागा ड-ला लागून असल्याने इ २ वर, फ ८ वर. अ-च्या लगत डावीकडे फ आहे.

उजवा हात ८ कडे धरला, तर आरशातल्यासारखी उलटी आकृती निघते: ब ८ वर, ड २ वर, इ १० वर, फ ४ वर. तरीही अ-च्या डावीकडे फ हेच उत्तर येते, कारण डावे-उजवे शेवटपर्यंत सारखेच उलटलेले असतात. समोर कोण, मध्ये कोण, याही उत्तरांत फरक पडत नाही. म्हणून केवळ डावे-उजवे विचारणाऱ्या पत्रिकेत ही चूक कधीच पकडली जात नाही. ‘घड्याळाच्या दिशेने अ-नंतर कोण?’ असे विचारताच ती उघडी पडते: बरोबर उत्तर फ, उलट्या आकृतीत ब. काहींची तोंडे बाहेर असली तरी हेच लागू पडते. मात्र त्यांच्यासाठी डावे-उजवे बदलायला विसरल्यास उत्तरही चुकते.