उत्तरविराम (मुलांच्या व्हिडिओ पाठातील)

मुलांच्या व्हिडिओ पाठात प्रश्न विचारल्यावर निवेदक काही सेकंद गप्प राहतो, ते उत्तर देण्यासाठी मोकळे ठेवलेले अंतर. संहितालेखक व संकलक याला नुसते ‘गॅप’ म्हणतात. संहितेत त्याची वेगळी ओळ असते आणि तीत सेकंद, अपेक्षित उत्तर व त्या वेळचे दृश्य लिहिलेले असते.

या पद्धतीच्या उगमाबाबत एकमत नाही. अमेरिकेत १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘विंकी डिंक अँड यू’ या कार्यक्रमाकडे काही जण बोट दाखवतात. त्यात मुले टीव्हीच्या काचेवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवून त्यावर खडूने चित्र पुरे करीत. मात्र तेथे हाताचे काम होते, तोंडी उत्तर नव्हते. ‘सेसमी स्ट्रीट’ (१९६९) कार्यक्रमात अभिनेता जेम्स अर्ल जोन्स मुळाक्षरे फार सावकाश म्हणत असे. अक्षर आधी दिसे, उच्चार मागून येई. सुरुवातीला मुले त्याच्या मागून म्हणत आणि तोच भाग पुन्हापुन्हा पाहिल्यावर त्याच्या आधी. येथे विराम आहे, पण प्रश्न नाही. प्रश्न, ठरवलेला विराम आणि नंतर उत्तर ही तिन्ही अंगे एकत्र व पद्धतशीर दिसतात ती १९७०च्या दशकाच्या मध्यास निकाराग्वात झालेल्या रेडिओ गणित प्रकल्पात. वर्गातली मुले रेडिओला मोठ्याने उत्तर देत. व्हिडिओ पाठाचा खरा पूर्वज रेडिओच मानावा, असे दिसते. ‘ब्लूज क्लूज’ (१९९६) या मालिकेने ही रीत टीव्हीवर घरोघरी नेली. तिचा एकच भाग सलग पाच दिवस दाखवला जाई, आणि पुनरावृत्तीबरोबर मुलांचा प्रतिसाद वाढतो असे अभ्यासात आढळले.

विरामाच्या लांबीसाठी अमेरिकी शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांच्या १९७०च्या दशकातील निरीक्षणांचा आधार घेतला जातो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे १ सेकंदच थांबतात; ३ सेकंद किंवा अधिक थांबल्यास उत्तरे लांबतात आणि अधिक मुले बोलतात, असे त्यांना आढळले. ही निरीक्षणे प्रत्यक्ष वर्गातली आहेत. वर्गात शिक्षक चेहरे पाहून थांबणे वाढवतो, व्हिडिओत ते आधीच ठरलेले असते. म्हणून ३ सेकंद हा आकडा नियम न मानता सुरुवातीचा अंदाज मानणे बरे.

एक उदाहरण घेऊ. पडद्यावर ५ गोट्या आहेत. निवेदक काहींवर वाटी पालथी घालतो. बाहेर ३ उरतात. संहिता अशी :

निवेदक : आधी पाच होत्या. आता वाटीखाली किती आहेत?
विराम : ६ सेकंद. अपेक्षित उत्तर ‘दोन’. निवेदक वाटीकडे, मग कॅमेऱ्याकडे पाहतो, हात वाटीवर.
दृश्य : वाटी उचलतो. १ सेकंद शांतता.
निवेदक : दोन. तीन बाहेर होत्या, दोन आत.

येथे ६ सेकंद दिले, कारण मुलाला बाहेरच्या गोट्या मोजून मग वजाबाकी करायची आहे. नुसते ‘हा रंग कोणता?’ असते तर निम्मा वेळ पुरला असता. किती हा शब्द प्रश्नाच्या शेवटाजवळ आहे. तो आधी येऊन मागे लांबलचक वाक्य राहिले, तर मुले मध्येच उत्तर देतात आणि विराम रिकामा जातो. वाटी उचलल्यावरचा एक सेकंद हळू मुलासाठी आहे, त्याला दोन गोट्या पाहून तरी निवेदकाच्या आधी बोलता येते. शेवटी ‘शाब्बास, बरोबर!’ मुद्दाम लिहिलेले नाही. चूक उत्तर देणाऱ्या किंवा गप्प बसलेल्या मुलालाही ती शाबासकी ऐकू जाईल. उत्तर आणि त्याचे कारण मात्र सर्वांना चालते.

बिघाड बहुधा चित्रीकरणात व संकलनात होतो. कॅमेऱ्यासमोर सहा सेकंद फार लांब वाटतात आणि निवेदक तिसऱ्यालाच बोलू लागतो; त्यामुळे कॅमेऱ्यामागे कोणीतरी बोटांनी सेकंद दाखवतो. संकलक ‘मेलेली जागा’ समजून विराम कापतो, तेव्हा संहितेत ‘कापू नये’ असे लिहावे लागते. विरामात आवाजपट्टी पूर्ण कोरी केली आणि दृश्य गोठवले, तर व्हिडिओ अडकला असे वाटून मुले पडद्याला हात लावतात. खोलीचा बारीक आवाज आणि निवेदकाची पापणी हलती ठेवणे एवढ्याने हे टळते.

लांबी तपासायला कच्ची प्रत चारपाच मुलांना दाखवून पहिले उत्तर कोणत्या सेकंदाला येते ते टिपतात. बहुतेक उत्तरे निवेदकाच्या आवाजावर आदळत असतील तर विराम तोकडा. उत्तरे संपून मुले इकडेतिकडे पाहू लागली तर लांब. अगदी लहान मुलांबाबत मात्र लांबी बदलून फारसे साधत नाही. २००६ मधील एका प्रयोगात दोन वर्षांच्या मुलांनी, पडद्यावरची व्यक्ती त्यांच्याशी खरोखर बोलत होती तेव्हाच तिने सांगितलेली माहिती वापरली; आधी चित्रित केलेल्या व्यक्तीची नाही.