बावीस मिनिटं आणि एक चिन्ह

कोल्हापुरात राजारामपुरीत मी दहावीच्या मुलांना गणित शिकवतो. बावड्याहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीचा बीजगणिताचा सराव पेपर अजून माझ्याजवळ आहे. उदाहरण तीन गुणांचं होतं. आयताकृती वाफ्याची लांबी रुंदीपेक्षा 5 मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ 84 चौरस मीटर, तर रुंदी किती? तिने x(x + 5) = 84 असं बरोबर मांडलं. पुढच्या ओळीत मात्र x² + 5x + 84 = 0 झालं. 84 अलीकडे आला, चिन्ह बदललं नाही. मग सूत्रात 25 − 336, म्हणजे −311. ऋण संख्येचं वर्गमूळ कुठून काढणार?

या एका उदाहरणावर तिची बावीस मिनिटं गेली. शेवटचा प्रश्न कोरा राहिला आणि त्याच्या आधीचा अर्धवट. "तीनदा तपासून बघिटलो की सर!" असं ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. 4 गुणिले 84 तिने कच्च्या कामात तीन वेळा केलं होतं आणि तिन्ही वेळा उत्तर बरोबर होतं. चूक दोन ओळी वर होती, तिथे ती परत गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी मी फक्त प्रश्न वाचायला दिला, तर अर्ध्या मिनिटात तिने स्वतःच कपाळावर हात मारला.

मेंदू असा का अडकतो, हे 2008 साली बिलालिच, मॅकलिऑड आणि गोबे या संशोधकांनी बुद्धिबळपटूंवर फार सुंदर दाखवलं. पटावर पाच चालींत मात करायची एक ओळखीची युक्ती होती आणि तीन चालींची एक वेगळी. खेळाडूंना ओळखीची युक्ती लगेच दिसली. त्यानंतर "आम्ही आणखी चांगली चाल शोधतोय" असं ते सांगत होते, आणि प्रामाणिकपणे सांगत होते. पण त्यांची नजर टिपणारं यंत्र वेगळंच दाखवत होतं. डोळे पुन्हा पुन्हा पहिल्या युक्तीच्याच घरांवर जात होते. पहिली कल्पना डोक्यात बसली की लक्ष कुठे द्यायचं हे तीच ठरवते. आपण तपासतोय असं वाटतं, प्रत्यक्षात तीच जागा परत परत बघत असतो.

म्हणून अडकलेलं उदाहरण तिथेच सोडणं हा गणिताचाच एक भाग आहे, असं मी मानतो. अडचण एवढीच की कधी सोडायचं हे त्या क्षणी ठरवता येत नाही. "आता येईलच" असं वाटत राहतं, आणि घाबरलेल्या डोक्यात हिशोबाला जागाही कमी उरते. तो निर्णय आदल्या रात्रीच झालेला हवा.

बीजगणिताचा पेपर 40 गुणांचा आणि दोन तासांचा. गुणाला अडीच मिनिटं धरली तर शंभर मिनिटांत पेपर होतो. अकराला सुरुवात केली तर पहिला प्रश्न 11:20 ला, दुसरा 11:50 ला, तिसरा 12:12 ला, चौथा 12:32 ला आणि पाचवा 12:40 ला संपायला हवा. उरलेली वीस मिनिटं, आणि अलीकडे मंडळ शेवटी देतं ती जादा दहा, सोडलेल्या उदाहरणांसाठी. घड्याळातल्या या पाच वेळा रात्री कागदावर लिहून पाठ करा. वर्गात घड्याळ असेलच असं नाही, साधं काट्यांचं मनगटी घड्याळ दप्तरात ठेवा.

आणि मग झोपा. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, ते काम रात्रभर चालतं आणि पहाटेची झोपही त्यात मोजली जाते. जागं राहायला दहा वाजता चहा घेतला, तर साधारण पाच तासांनी, म्हणजे तीन वाजताही, त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. आईने प्रेमाने आणून दिला तरी नको म्हणा.

हॉलमध्ये तीन गुणांच्या उदाहरणाला आठ मिनिटं झाली आणि वाट दिसत नसेल, तर अर्धं पान कोरं सोडा, समासात पेन्सिलने खूण करा आणि पुढे चला. परत आल्यावर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आपलं जुनं लिखाण हाताने झाका. ते वाचलं की डोळे त्याच ओळीवर जाऊन बसतात. प्रश्नपत्रिकेतून उदाहरण नव्याने वाचा, कोऱ्या जागेत पहिल्या ओळीपासून मांडा, आणि नवी मांडणी जुनीपासून कुठे वेगळी होते ते बघा. पद्धतच शिकलेली नसेल तर मात्र परत येऊन काही उगवत नाही. तिथे 'कोणतेही दोन सोडवा' मधलं दुसरं उदाहरण घ्यावं.

पुढच्या सराव पेपरात ती एका शाब्दिक उदाहरणावर पुन्हा अडकली. समासात पेन्सिलची खूण होती आणि शेजारी तिने बारीक अक्षरात वेळ लिहिली होती, 12:09. खाली जुन्या सहा ओळींवर एक तिरकी रेघ, आणि तिच्याखाली नव्याने केलेल्या पाच ओळी.